रोज सकाळी पेटणाऱ्या ढिगाबद्दल कार्यकारिणीस पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

आपल्या इमारतीतील बहुतेक सभासद मराठी असल्यामुळे हे पत्र मराठीत लिहीत आहे. हिंदी प्रत सोबत जोडली आहे. यापूर्वी मी दोनदा तोंडी विनंती केली आणि दोन्ही वेळा मला एकच उत्तर मिळाले, “अहो, पानंच तर आहेत.” म्हणून आता लेखी कळवते, की मागच्या आवारात भिंतीलगत रोज पेटणारा तो ढीग केवळ पानांचा नसतो, आणि नुसत्या पानांचा असता तरीही तो पेटवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

गेल्या रविवारी ढीग विझल्यावर मी स्वतः खाली जाऊन काठीने राख उकरून पाहिली. कडुलिंबाच्या आणि अशोकाच्या अर्धवट जळलेल्या पानांखाली दुधाच्या पिशव्यांचे वितळून काळे पडलेले गोळे होते, वेफर्सच्या पाकिटांचे चंदेरी कपटे होते, आणि औषधी गोळ्यांच्या पाच-सहा पट्ट्यांचा उरलेला पातळ ॲल्युमिनियम होता. या पट्ट्यांचे पारदर्शक प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसीचे असते. त्यात क्लोरीन असतो, आणि ते असे उघड्यावर, कमी तापमानात जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. पानांच्या धुराला गोडसर, कडवट वास असतो. घशाला ओरबाडणारा तो तिखट वास आपण रोज घेतो, तो पानांचा नव्हे.

आता पानांविषयी. माळी ढीग पेटवतो आणि शेजारी उभ्या गाड्यांपर्यंत ज्वाळा जाऊ नयेत म्हणून वर पाणी शिंपडतो. त्याने हे स्वतःच्या मनाने केलेले नाही, त्याला तसे सांगितलेले आहे; त्यामुळे माझा राग त्याच्यावर नाही. परंतु ओल्या ढिगात ज्वाळा उठतच नाही, तो आतल्या आत धुमसत राहतो, आणि धुमसणारी आग ही ज्वाळेच्या आगीपेक्षा कितीतरी अधिक धूर सोडते, कारण पाने पुरती जळण्याऐवजी अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत जातात. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत आणि ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. दाट, पांढरट-पिवळा धूर दिसला की ढीग असा धुमसतो आहे हे ओळखावे. आपल्याकडे साडेसहाला पेटवलेला ढीग दहापर्यंत तसाच धुमसत असतो.

वेळही नेमकी सर्वांत वाईट निवडली आहे. इंदुरात थंडीच्या रात्री आकाश निरभ्र असते, जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि वरती तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. ऊन चांगले चढेपर्यंत धुराला वर जायला वाट मिळत नाही, तो आडवा पसरतो. आपली इमारत तिन्ही बाजूंनी आवाराला वेढून उभी असल्यामुळे तो आमच्या खिडक्यांपाशी साचून राहतो. खिडक्या बंद करा, असा सल्ला मला देण्यात आला. मी करतेच. पण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला की तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच दारांच्या आणि खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते, आणि ती हवा धुराची असते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि त्यांना जुना दमा आहे. या महिन्यात अकरा सकाळी मला त्यांना नेब्युलायझर लावावा लागला. ज्या दोन दिवशी माळी सुट्टीवर होता, त्या दोन्ही दिवशी त्याची गरज पडली नाही. माझ्याजवळ तारखांची नोंद आहे, ती कोणालाही दाखवायची माझी तयारी आहे.

कायद्याविषयी शंका राहू नये म्हणून सांगते. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी देशभर कचरा उघड्यावर जाळण्यास पूर्ण बंदी घातली असून, साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. तो दंड माळ्याच्या माथी मारला जाऊ नये, हे मी आत्ताच स्पष्ट करते. ज्या शहरात घरोघरी ओला, सुका, प्लॅस्टिक आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून गाडीत द्यायची सवय सगळ्यांना लागली, जे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, त्या शहरात आपण दारात आलेल्या गाडीकडे पाठ फिरवून औषधांच्या पट्ट्या मागच्या भिंतीशी जाळतो, याची मला मनापासून लाज वाटते.

राहता राहिली पाने. माघ ते चैत्र या काळात आपल्याकडे रोज साधारण सहा पोती पाने निघतात, म्हणजे माझ्या अंदाजाने तीसेक किलो. त्यांच्यासाठी मागच्याच कोपऱ्यात तारेच्या जाळीचे चार गोल पिंजरे उभे करावेत, प्रत्येक पाच फूट रुंद आणि चार फूट उंच. पाने ओली करून पायाने दाबून भरली की ढीग खचत जातो, त्यामुळे एवढे पिंजरे हंगामाला पुरावेत. केवळ पानांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, कारण त्यात कार्बन फार आणि नायट्रोजन थोडा असतो. म्हणून पानांच्या तीन टोपल्यांमागे भाजीच्या सालींची एक टोपली मिसळावी लागते. दर पंधरा दिवसांनी ढीग खालवर करावा. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढली आणि ती हाताला चटका देण्याइतकी तापली असली, तर काम नीट चालले आहे. थंड निघाली तर पाणी किंवा साली कमी पडल्या आहेत, आणि वास आला तर पाणी जास्त झाले आहे. अशोकाची चिवट पाने सावकाश कुजतात, ती हाताने चुरून किंवा वेगळ्या पिंजऱ्यात घालावीत. तीन-चार महिन्यांत खत हाती येईल आणि आपण कुंड्यांसाठी दरवर्षी विकत घेतो त्या पोत्यांचा खर्च वाचेल.

धुराने डास जातात, असे एका सदस्यांचे म्हणणे आहे. सकाळी पेटवलेल्या ढिगाने संध्याकाळचे डास जात नाहीत. गच्चीवरच्या टाकीचे उघडे झाकण आधी बसवावे.

येत्या सोमवारपासून आवारात एकही ढीग पेटता कामा नये, आणि माळ्याला तसे लेखी कळवून त्याची प्रत सूचनाफलकावर लावावी. जाळीचा निम्मा खर्च मी देते आणि पहिले दोन पिंजरे भरायला मी स्वतः येते. सोमवारी सकाळी मी साडेसहाला भिंतीपाशी उभी असेन. त्या दिवशीही धूर निघाला, तर छायाचित्रांसह तक्रार त्याच सकाळी निगमाकडे जाईल.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरील एक सदनिकाधारक