पहिल्या वर्षी तोटा दाखवणारं टिपण

आमच्या प्रेसमध्ये ऑर्डरींचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यावं, असं टिपण मी मालकांना दोनदा दिलं. पहिलं अण्णांनी वाचलं, घडी घातली आणि गल्ल्याखाली ठेवलं. दुसऱ्यावर मात्र पाऊण तास बोलले. दोन्हींत सॉफ्टवेअर तेच होतं, फरक आकड्यांचा होता. छोट्या धंद्यात मालकाला असं काही पटवू पाहणाऱ्यांसाठी लिहितेय.

पहिल्या टिपणात मी विक्रेत्याच्या पत्रकातलंच उतरवलं होतं. काउंटरवर रोज तीसेक फोन येतात, ‘माझं काम कुठवर आलं?’ म्हणून. प्रत्येक फोनला कोणीतरी उठून मशीनवर, मग बाइंडिंगला जाऊन बघून येतं. त्यात रोजचे दोन तास जातात. दोन तासांना पगाराने गुणलं, महिन्याचा आकडा काढला आणि खाली लिहिलं, ‘खर्च तीन महिन्यांत वसूल’. अण्णांनी एकच विचारलं, “दोन तास वाचले म्हणजे तू पगार दोन तासांचा कमी घेणार का?”

मला राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं. वाचलेला वेळ गल्ल्यात येत नाही. त्या वेळात जास्तीचं काम झालं तर येतो, आणि आमच्याकडे काम अडतं ते मशीनवर, काउंटरवर नाही.

मग मी एप्रिल ते जूनची सगळी जॉब कार्डं काढली आणि बिलबुकाच्या स्थळप्रतींशी एकेक करून जुळवली. शनिवारी दुपारी बसायचे, चार शनिवार लागले. शोधत होते फक्त एक गोष्ट: खिशातून प्रत्यक्ष गेलेले किंवा यायचे राहिलेले पैसे.

आमच्या चुकीने पुन्हा छापावी लागलेली कामं सात निघाली. त्यातली तीन मी लगेच बाजूला काढली. एकात कटिंग तिरकं गेलं होतं, दोनांत ओली शाई मागच्या कागदाला लागली होती. कुठलंही सॉफ्टवेअर शाई वाळवत नाही. उरलेली चार माहितीच्या घोळाची होती. त्यातलं एक सविस्तर सांगते, कारण टिपणाचा खरा आधार तेच होतं.

एका दुकानदाराची 50 बिलबुकं, डेमी वन-एट आकाराची, एका बुकात 50 बिलं, पांढरी आणि गुलाबी प्रत. म्हणजे 2,500 नंबर आणि 5,000 पानं. फोनवर निरोप: “मागच्यासारखंच, नंबर पुढे चालू.” मागची बुकं 5001 ते 7500 होती, पण त्याचं जॉब कार्ड फाइलला लागलंच नव्हतं. फाइलला सापडलं त्याच्या आधीचं, 5000ला संपलेलं. आम्ही परत 5001 पासून नंबर मारले. बुकं बांधून, दुकानात पोहोचून, त्यांच्या हिशेबनिसाने उघडल्यावर कळलं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात बिलाचा नंबर पुन्हा येऊन चालत नाही, त्यामुळे ‘घ्या चालवून’ म्हणायची सोय नव्हती. प्लेट तीच चालली, पण कागद, छपाई, नंबरिंग आणि बाइंडिंग सगळं दुसऱ्यांदा. 2,900 रुपये. त्या कामात आमचा नफा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. चारही कामं मिळून 11,400.

दुसरी गळती मला माहीतच नव्हती. प्रूफ पास झाल्यावर पत्रिकेत ‘आमच्या काकूंचं नाव राहिलं’ म्हणून बदल येतो, नवीन प्लेट काढावी लागते. मशीनमन कार्डाच्या मागे पेन्सिलीने ‘प्लेट 2’ लिहितो. बिल करणारी, म्हणजे मीच, कार्डाची पुढची बाजू बघते. अशा न लावलेल्या जास्तीच्या कामाचे तीन महिन्यांत 18,600 निघाले. पण लावले असते तरी सगळे मिळाले नसते, लग्नघरचा माणूस घासाघीस करणारच. म्हणून निम्मेच धरले, 9,300. शिवाय दोन कामांचं बिलच झालं नव्हतं, ‘बिल मागाहून पाठवतो’ म्हणून माल गेला तो गेला. ते 5,100.

बेरीज 25,800, महिन्याला 8,600. इथे थांबले असते तर परत पहिल्यासारखंच झालं असतं. एप्रिल-मे लग्नसराई, जूनमध्ये शाळांची कामं. वर्षभर एवढी गर्दी नसते, तशा चुकाही नसतात. म्हणून वर्षाची सरासरी मी महिना 6,000 धरली आणि का धरली तेही लिहिलं.

खर्चात विक्रेता फक्त वर्गणी सांगतो: महिना 2,500, वर्षाचे 30,000. बाकीचं आपण शोधायचं. मशीन आणि बाइंडिंगजवळ ठेवायला दोन टॅब, 18,000. नेहमीच्या गिऱ्हाइकांची जुनी माहिती भरायला महिनाभर एक मुलगा, 12,000. आणि पहिले दोन महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवावं लागणार, त्यासाठी काउंटरवरच्या मुलीचा जादा वेळ, 8,000. एकूण 68,000. पहिले तीन महिने बचत शून्य धरली, उरलेल्या नऊ महिन्यांचे 54,000. म्हणजे पहिल्या वर्षी 14,000 तोटा. पुढे वर्गणी जाऊन महिन्याला 3,500 उरतात, म्हणजे सोळाव्या महिन्यात बरोबरी.

अण्णांनी तोट्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे खरं वाटतं.” मग लगेच कळीचा प्रश्न: “प्लेट दोन कार्डाच्या पुढे लिहायला सॉफ्टवेअर कशाला? मी उद्याच सांगतो.”

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच होतं. पेन्सिलीचा प्रश्न कार्ड नवीन छापून सुटतो, आणि प्रेसच आपली आहे. जादा प्लेट लिहायची चौकट आम्ही पुढच्याच आठवड्यात कार्डावर पुढच्या बाजूला घेतली. त्यातून जे वाचेल ते सॉफ्टवेअरच्या खात्यातून कमी होणार, हेही मी मान्य केलं; बरोबरी सोळाव्या महिन्याच्याही पुढे जाईल. पण हरवलेलं कार्ड कागदाने सापडत नाही, आणि बिल न होता गेलेला माल कार्डाला थांबवता येत नाही. म्हणून डेमोच्या वेळी विक्रेत्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. नंबरिंगच्या कामात शेवटचा नंबर भरल्याशिवाय मालासोबत जाणारं चलन छापलं जाऊ नये. आणि चलन निघून आठ दिवसांत बिल झालं नाही तर ते काम रोज सकाळी लाल दिसावं. एका विक्रेत्याला रंगीत आलेख दाखवायचे होते, पण हे दोन्ही जमत नव्हतं. त्याला नको म्हटलं.

वर्गणी महिन्याचीच घेतली, वर्षाची सवलत सोडून. सगळी माहिती एक्सेलमध्ये काढून मिळते, हे आधी स्वतः काढून बघितलं. गणपतीच्या पावती पुस्तकांची गर्दी संपल्यावर पितृपक्षात प्रेस जरा मोकळी असते, तेव्हा सुरू करू म्हटलं, तर अण्णा म्हणाले, पितृपक्षात नवीन काही नाही. तडजोड अशी झाली की जुनी माहिती पितृपक्षात भरायची (ते जुनंच आहे), आणि पहिली ऑर्डर घटस्थापनेला. तीही फक्त बिलबुकं आणि पावती पुस्तकांची. पत्रिका फेब्रुवारीनंतर.

टॅब मात्र मशीनजवळ टिकला नाही. शाईच्या बोटांनी मशीनमन त्याला हात लावेना, आणि त्याचं काय चुकलं? आता कामाचे टप्पे चारच ठेवलेत: प्रूफ पास, छापून झालं, बांधून झालं, गेलं. कार्ड खिळ्यांवर टांगतात आणि काउंटरवरची मुलगी अकराला आणि चारला फेरी मारून भरते. तो 9,000चा टॅब सध्या अण्णांच्या टेबलावर आहे, त्यावर ते क्रिकेट बघतात. खर्चाच्या बाजूला मी तो तसाच ठेवलाय.