लोकाग्रहास्तव पाळणा

हॉटेलांच्या सोयीसुविधांची मराठी भाषांतरं तपासण्याचं काम माझ्याकडे येतं. मजकूर एकाचा, भाषांतर दुसऱ्याचं आणि काही राहून गेलं तर बोलणी मला. फाइल एक्सेलची असते. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्यात मराठी. आणि इंग्रजी तरी काय, पूर्ण वाक्य सापडलं तर नशीब. एका ओळीत नुसतंच 'कॉम्प्लिमेंटरी', चार ओळी खाली 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी', आणखी खाली 'ऑन रिक्वेस्ट'. हे तुकडे वेबसाइटवर नेमके कशाला चिकटणार आहेत, ते फाइल सांगत नाही.

मग भाषांतरकार बिचारा शब्दकोशाकडे धावतो. 'कॉम्प्लिमेंट' म्हणजे प्रशंसा, म्हणून 'प्रशंसापर न्याहारी'. खाणाऱ्याने न्याहारीची स्तुती करायची की न्याहारीने खाणाऱ्याची, हे त्याने वाचकावर सोडलेलं असतं. दुसरा जरा घाईत असतो. इंग्रजीत एका अक्षराच्या फरकाने तसाच दिसणारा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'पूरक'. त्यामुळे खोलीत 'पूरक पाण्याच्या बाटल्या' येतात. मुख्य पाणी कुठं आहे, देव जाणे. तिसरा अभ्यासू असतो. पुस्तकाच्या भेटप्रतीला आपण 'मानार्थ प्रत' म्हणतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो 'मानार्थ न्याहारी' लिहितो. चूक म्हणता येत नाही, पण टेबलाशी बसल्यावर कुणीतरी आपल्याबद्दल दोन शब्द बोलेल असं वाटत राहतं.

इथं 'मोफत' हा साधा शब्द पुरतो. 'निःशुल्क' आरोग्य शिबिराला शोभतो आणि 'फुकट' लिहायची छाती कुठल्याच हॉटेलची होत नाही. 'मोफत'चा आणखी एक गुण तपासणाऱ्यालाच कळतो: तो पुढच्या नामाप्रमाणे बदलत नाही. मोफत चहा, मोफत न्याहारी, मोफत पाणी. तुकडा कशालाही चिकटो, लिंगाची भानगड नाही. फक्त 'भाड्यात समाविष्ट' हा त्याचा समानार्थी शब्द समजायचा नाही. 'न्याहारी भाड्यात समाविष्ट' असं वाचलेला पाहुणा काउंटरवर येऊन म्हणू शकतो, "आम्ही न्याहारी केली नाही, तेवढे कमी करा." मोफत गोष्ट नाकारली म्हणून बिल कमी करा असं कोण म्हणणार?

'ऑन रिक्वेस्ट'चं दुखणं वेगळं. त्याचं 'विनंतीवरून' करायची इतकी सवय झाली आहे की 'बाळाचा पाळणा विनंतीवरून' असं वाचताना मागून निवेदिकेचा आवाज येतो. एकाने तर 'लोकाग्रहास्तव पाळणा उपलब्ध' लिहिलं होतं. मी ते खोडलं, पण खोडताना हात जड झाला. मुळात सांगायचं एवढंच असतं की ही वस्तू खोलीत आधीपासून ठेवलेली नसते, हवी असेल तर मागा. म्हणजे 'मागितल्यास मिळेल'. पैसे पडतील की नाही, याबद्दल हा शब्दप्रयोग चकार शब्द काढत नाही. पण भाषांतरकाराला वाटतं, विनंती केली म्हणजे पैसे कसले, आणि तो आपल्या पदरचं 'मोफत' जोडून देतो. हॉटेलने न दिलेलं वचन मराठीत दिलं जातं. (पाळण्याबद्दल आणखी एक. ब्रिटिश इंग्रजीत 'कॉट' म्हणजे तान्ह्या बाळाचा पलंग. मराठीत कॉट म्हणजे जिच्यावर आपले काका झोपतात ती. 'कॉट मागितल्यास मिळेल' असं छापलं, तर बाळाऐवजी काकांची सोय होईल.)

खरा घाम फोडतो तो 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी'. 'उपलब्धता विषय' हे भाषांतर मी डोळ्यांनी पाहिलं आहे, शाळेच्या वेळापत्रकात असावं तसं. 'उपलब्धतेच्या अधीन राहून' हे शुद्ध आहे, पण पाहुणा वाकून उभा आहे असं चित्र डोळ्यांपुढे येतं. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे 'शक्यतो'. दिसायला सोज्वळ, पण 'शक्यतो मिळेल' म्हणजे आपल्या कानाला 'बहुतेक मिळेलच' असं ऐकू येतं. मूळ शब्दांत असा कसलाही दिलासा नाही. हॉटेल म्हणतंय: असेल तर देऊ, नसेल तर भांडू नका.

मागच्या एका फाइलीत हे तिघंही एकाच ओळीत आले. दुपारी 2 वाजेपर्यंत लेट चेक-आउट: कॉम्प्लिमेंटरी, ऑन रिक्वेस्ट, सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी. भाषांतर असं होतं: 'विनंतीवरून, खोली रिकामी असल्यास, दुपारी 2 वाजेपर्यंत प्रशंसापर उशिरा तपासणी बाहेर.'

'तपासणी बाहेर' एका फटक्यात गेलं, 'प्रशंसापर'ही गेलं. पण 'खोली रिकामी असल्यास' या तीन शब्दांपाशी मी थबकलो. खोली रिकामी कशी असेल? पाहुणा तर तिच्यातच आहे! खोली रिकामी झाल्यावर मागे राहायचं, तर त्याने राहायचं कुठं?

मी भाषांतर करणाऱ्या मुलाला फोन लावला.

"सर, वरच्या दर्जाची खोली मोफत बदलून देण्याच्या ओळीत हेच लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही पास केलंत."

मुलगा बरोबर होता. तिथं वरच्या दर्जाची एखादी खोली खरोखर रिकामी लागते. पाळण्याच्या ओळीत हॉटेलकडे पाळणा शिल्लक लागतो. पार्किंगला जागा लागते. आणि उशिरा खोली सोडायला हवी असते ती एकच गोष्ट: त्या खोलीचा पुढचा पाहुणा लगेच येऊन दारात उभा राहणार नाही. इंग्रजी चारही ठिकाणी एकच शब्द वापरून मोकळं होतं. काय उपलब्ध हवं, ते मराठीने शोधायचं.

शिवाय अट आपण आधी सांगतो, सवलत नंतर. इंग्रजीसारखी अट शेपटाला लावली की पाहुणा 'मोफत'पर्यंत वाचून सामान परत उघडतो. तेव्हा आम्ही लिहिलं: 'त्या खोलीचं लगेच पुढचं बुकिंग नसेल, तर आधी विचारल्यास दुपारी 2 वाजेपर्यंत जादा पैसे न देता थांबता येईल.' मला हे वाक्य आवडलं. त्यात विनंती नव्हती, अधीनता नव्हती, आणि सगळं होतं.

ते परत आलं. काही मोठी हॉटेलं मराठीचं पुन्हा इंग्रजी करवून मूळ मजकुराशी ताडून बघतात. त्यांना 'अव्हेलेबिलिटी' कुठं दिसेना. ज्या भाषांतर एजन्सीकडून हे काम येतं, तिथल्या बाईंनी विचारलं, "बुकिंग हा शब्द मुळात नाहीये, तुम्ही कुठून आणलात?" मी पुढच्या पाहुण्याची गोष्ट त्यांना दोनदा सांगितली. शेवटी तडजोड झाली. बटणावर आणि यादीत जिथं दोन-तीन शब्दांचीच जागा असते, तिथं 'उपलब्धतेनुसार'. हा शब्द थोडा सरकारी आहे, पण कुठंही चिकटतो आणि खोटं बोलत नाही. नियमांच्या पानावर मात्र आमचं पूर्ण वाक्य.

दुसऱ्या दिवशी बाईंची मेल आली. वाक्य मंजूर झालं होतं, हॉटेलला फार आवडलं होतं. आता हेच वाक्य पाळणा आणि पार्किंगच्या ओळींतही जसंच्या तसं वापरावं, कारण तिथलं इंग्रजी सारखंच आहे आणि पुन्हा आलेल्या मजकुराचे पैसे देण्याची पद्धत नाही.