±३ टक्क्यांचं मार्जिन: त्या फिरणाऱ्या मेसेजमधला हिशोब कुठे गंडलाय

"१००० जणांच्या सर्व्हेत ५२% हो, ४८% नाही. मार्जिन ऑफ एरर ३%, फरक ४%, म्हणजे हो वाले पुढे आहेत हे ९५% नक्की. तरुणांमध्ये तर ६०% हो आहे, तिथे विषयच संपला. आणि काय चूक असेल ती त्या ३ टक्क्यांत आधीच धरलेली असते."

एकेक करून घेऊ. आधी तो ३ येतो कुठून ते बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

समजा तुम्ही परत परत नवे १००० लोक रँडम निवडून तोच प्रश्न विचारत बसलात, तर दर वेळी एकच आकडा येणार नाही, कधी ५०.५ येईल कधी ५३, आणि असे भरपूर सर्व्हे ग्राफवर मांडले की घंटेच्या आकाराचा नॉर्मल कर्व्ह दिसतो, ज्याच्या मधोमध खरी टक्केवारी असते. हा कर्व्ह किती पसरलाय ते स्टँडर्ड एरर सांगतो. मधल्या आकड्यापासून दोन्हीकडे १.९६ स्टँडर्ड एरर एवढं अंतर घेतलं की त्यात ९५% सर्व्हे बसतात. म्हणून मार्जिनचा फॉर्म्युला असा:

```
1.96 × √( p × (1 − p) / n )
```

इथे p म्हणजे "हो" चा वाटा, ०.५२, आणि n म्हणजे किती लोकांना विचारलं, १०००. वर्गमूळ काढलं की स्टँडर्ड एरर येतो १.५८%, त्याला १.९६ ने गुणलं की ३.१%. ५२ च्या दोन्हीकडे ३.१ घेतलं की जो पट्टा मिळतो तो "हो" चा कॉन्फिडन्स इंटरव्हल, ४८.९ ते ५५.१. आता नीट बघा, या पट्ट्यात ५० आहे की! दोनच पर्याय असताना कोण पुढे हे बघायला एवढं पाहिलं तरी पुरतं, पण मेसेजवाल्याने इंटरव्हल लिहूनच काढला नाही, नुसता ४ मधून ३ वजा करून मोकळा झाला.

मुख्य चूक अशी की ३.१ हे एका टक्केवारीचं मार्जिन आहे, दोघांमधल्या फरकाचं नाही. हो आणि नाही हे तराजूच्या दोन पारड्यांसारखे आहेत, योगायोगाने हो वाला एक टक्का जास्त सापडला तर नाही वाला आपोआप एक टक्का कमी होतो आणि फरक थेट दोनने हलतो. म्हणून फरकाचं मार्जिन दुप्पट, ६.२%. फरक ४, मार्जिन ६.२, म्हणजे खरा फरक उणे २.२ पासून १०.२ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि उणे म्हणजे नाही वाले पुढे. दुसरीकडून बघायचं तर लोक खरंच बरोब्बर ५०-५० वाटलेले असले तरी असा ४ किंवा त्याहून मोठा फरक, या बाजूला नाहीतर त्या बाजूला, साधारण पाचातल्या एका सर्व्हेत नुसत्या योगायोगाने दिसतो. पाचात एक हे काही दुर्मिळ नाही.

पण लगेच उलट्या टोकाला जाऊन "म्हणजे बरोबरी आहे" असंही म्हणू नका, ते पण चूक. या सर्व्हेवरून सगळ्यात जवळचा अंदाज अजूनही ५२ च आहे, फक्त ९५% च्या कसोटीवर तो उतरत नाही. ४ टक्क्यांचा फरक त्या कसोटीवर जेमतेम टिकायला साधारण २४०० लोक लागतात. आणि लोक दुप्पट केले की मार्जिन निम्मं होतं असं समजू नका, n वर्गमुळाच्या आत आहे त्यामुळे निम्मं करायला चौपट लोक लागतात.

("सांगता येत नाही" असा तिसरा पर्याय असला तर बरोब्बर दुप्पट होत नाही, थोडं कमी होतं. ४६, ४२ आणि १२ असे आकडे असतील तर १००० लोकांत फरकाचं मार्जिन ५.८ येतं. चारपेक्षा मोठंच.)

"९५% नक्की" याबद्दल थोडक्यात. ९५% हा या पद्धतीचा स्ट्राइक रेट आहे: असे १०० सर्व्हे घेऊन १०० इंटरव्हल काढले तर साधारण ९५ मध्ये खरी टक्केवारी सापडते. आपल्या हातातला इंटरव्हल त्या ९५ मधला की उरलेल्या ५ मधला हे त्याच्याकडे बघून कळत नाही. आणि "हो वाले पुढे असण्याची शक्यता ९५%" हे तर त्यातून अजिबातच निघत नाही.

आता तरुण. ते १००० पैकी किती होते हे मेसेजमध्ये नाहीच, आणि नेमका तोच आकडा हवा, कारण त्या ६०% साठी n म्हणजे फक्त तेवढेच तरुण. समजा १५० होते. स्टँडर्ड एरर ४%, मार्जिन ७.८%, इंटरव्हल ५२.२ ते ६७.८. गंमत म्हणजे यात ५० येत नाही, म्हणजे तरुणांत हो चं बहुमत हे इथे टिकतं, फक्त ते ५३ आहे की ६७ हे सांगता येत नाही. तरुण ६० च असते तर तेही टिकलं नसतं. आणि दहा-बारा गट पाडून त्यातला सगळ्यात भडक आकडा उचलला असेल तर हा हिशोबही फार मनावर घेऊ नका.

छोट्या गटात अजून एक लफडं होतं. त्याच १५० तरुणांत एखाद्या दुसऱ्या प्रश्नाला फक्त ३ जण हो म्हणाले, म्हणजे २%. वरचा फॉर्म्युला लावा, मार्जिन २.२% येतं आणि इंटरव्हल उणे ०.२ पासून सुरू होतो. शून्यापेक्षा कमी लोक! फॉर्म्युला मोडला हे कळायची ही सगळ्यात सोपी खूण. टक्केवारी ० किंवा १०० च्या जवळ असते तेव्हा कर्व्ह एका बाजूला कलतो, नॉर्मल राहत नाही. म्हणून हो वाले आणि नाही वाले दोन्ही निदान दहा-दहा तरी असावेत असा ठोकताळा वापरतात, आणि नसतील तर एडविन विल्सन या गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडलेला इंटरव्हल घेतात, जो इथे ०.७ ते ५.७ येतो.

राहिलं शेवटचं वाक्य, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. फॉर्म्युल्यात परत बघा, आत काय आहे, p आणि n, बास. कोणी फोन उचलला नाही, कोणी खोटं सांगितलं, प्रश्न कसा विचारला, यादीत कोण नव्हतंच, यातलं काहीही त्यात नाही. तो फक्त रँडम निवडीतला योगायोग मोजतो. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त लोकांनी मतपत्रिका भरून पाठवल्या होत्या, फॉर्म्युल्याने मार्जिन काढलं तर ०.१% च्याही आत. त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं आणि रूझवेल्ट ६०% हून जास्त मतं घेऊन निवडून आले. फोन आणि गाडी असलेल्यांच्या याद्यांमधून बरीच नावं घेतलेली, त्यात उत्तर पाठवायची हौस असलेल्यांनीच पाठवलं.

आजचे सर्व्हेवाले हे सावरायला वजनं देतात, म्हणजे जो गट कमी सापडला त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर जास्त मोजतात. पण त्याने मार्जिन वाढतं. वजनांमुळे व्हेरियन्स, म्हणजे स्टँडर्ड एररचा वर्ग, दीडपट झाला तर १००० लोक जेमतेम ६६७ लोकांइतकेच कामाचे राहतात आणि ३.१ चं ३.८ होतं. त्यामुळे १००० लोकांच्या वजन दिलेल्या सर्व्हेखाली बरोब्बर ३.१ छापलेलं दिसलं तर समजा की नुसता n टाकून आकडा काढलाय, वजनांचा हिशोब धरलेलाच नाही.