वीरगळाखाली धन नसतं: त्या पत्राला मुद्देसूद उत्तर

«अध्यक्ष, इतिहास मंडळ यांस. आमच्या शेतात नांगरताना कोरीव दगड निघाला, त्याचे पाच फोटो जोडले आहेत. दगडावर चार चौकटी आहेत, म्हणजे या वीराने चार लढाया जिंकल्या. हातात ढाल-तलवार असल्याने हा शिवरायांचा मावळाच. तिसऱ्या चौकटीत त्याच्या दोन राण्या आहेत. वरच्या चौकटीत तो धनाच्या हंड्यासमोर हात जोडून बसला आहे आणि त्यावर चंद्र-सूर्य आहेत. जाणकार सांगतात, ही खाली धन असल्याची खूण. नीट दिसावं म्हणून दगड ॲसिडने धुऊन रेषा खडूने भरल्या. सर्वांनी आपापल्या शेतातले असे दगड तपासावेत. जास्तीत जास्त शेअर करा.»

हे पत्र मंडळाच्या नावाने लिहिलेलं असलं तरी मंडळापेक्षा आधी ते अर्ध्या तालुक्याच्या मोबाईलवर पोचलं. माझ्या मामेभावाचा फोन आला तेव्हा ते मला कळलं. "दादा, शेजारच्या रानात जेसीबी आलाच आहे, आपल्या बांधावरच्या वीराखाली पण दोन बकेट मारून बघू का?" त्याला तिथेच थांबवलं. पण असे फोन किती घरांत गेले असतील आणि किती ठिकाणी थांबवायला कुणीच नसेल, या विचाराने हे लिहायला बसलो.

पत्रातला दगड वीरगळ आहे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेला कोरीव दगड. आधी हंड्याचंच बघू, कारण जेसीबी त्याच्यामुळे येतात.

पत्रासोबतचा चौथा फोटो भर दुपारचा आहे. डोक्यावरचं ऊन असलं की उथळ कोरीव काम सपाट दिसतं. त्यात रेषा खडूने भरल्यामुळे आपल्याला दगड दिसतच नाही, खडू धरणाऱ्याला काय वाटलं ते दिसतं. त्याला हंडा वाटला म्हणून त्याने गोल पोट आणि वर काठ काढला. आता पाचवा फोटो उघडा. तो संध्याकाळचा, बाजूने काढलेला आणि खडू लावण्याआधीचा आहे. तिरपा उजेड पडल्यामुळे त्यात त्या वस्तूची सावली स्पष्ट उठली आहे. खाली पसरट बैठक, मधून वर आलेला गोलसर उंचवटा आणि बैठकीच्या एका बाजूला पुढे आलेली चोच. ती चोच म्हणजे शिवपिंडीखालच्या शाळुंकेची पाणी वाहून जाण्याची वाट. हंड्याला अशी चोच नसते. समोर बसलेला माणूस पिंडीची पूजा करतो आहे आणि पलीकडे जी झिजलेली आकृती आहे तो पुजारी आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर सर्वांत वरच्या चौकटीत हेच असतं: लढताना मेलेला वीर शिवलोकी पोचला आणि तिथे शिवाची पूजा करतो आहे. म्हणजे ज्या फोटोमुळे लोक खणायला निघाले, त्याचं उत्तर त्याच पत्राला जोडलेल्या पुढच्या फोटोत होतं.

चंद्र-सूर्यही तसेच नेहमीचे. या वीराची कीर्ती चंद्र-सूर्य असेपर्यंत राहो, एवढंच ते सांगतात. हेच चंद्र-सूर्य सतीशिळेवर असतात, दानाच्या शिलालेखांवर असतात आणि गधेगाळावरही असतात. ते धनाची खूण असते तर कोकणापासून मराठवाड्यापर्यंत देवळांच्या आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या शेकडो दगडांखाली सोनं निघालं असतं. शिवाय धन पुरणारा ते लपवायला पुरतो. पुरुषभर उंचीचा कोरीव दगड वर उभा करून गावाला दाखवून ठेवत नाही.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. चंद्र-सूर्य कोरलेल्या काही दगडांचा संबंध मालमत्तेशी असतो खरा. गधेगाळ हे बहुधा जमिनीच्या किंवा उत्पन्नाच्या दानाचे दगड असतात आणि दान मोडणाऱ्याला त्यावर शिवी कोरलेली असते. शेतात नांगराला नाण्यांचं मडकं लागतं, हेही अधूनमधून घडतं. पण ते जुन्या वस्तीच्या जागी, घराच्या जोत्यात किंवा पायाखाली पुरलेलं असतं आणि त्याच्यावर कोणी खूण ठेवलेली नसते. अशी वस्तू मिळालीच तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ते लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि कायद्याने मिळणारा वाटाही जातो. पत्रात याबद्दल अवाक्षर नाही.

वीरगळाखाली खणल्यावर खरंच काय निघतं तेही सांगतो. दगडाचा खालचा भाग न घडवलेला, ओबडधोबड असतो, कारण तो जमिनीत रोवण्यासाठीच ठेवलेला असतो. त्याच्याभोवती दगड उभा राहावा म्हणून ठोकून बसवलेले धोंडे असतात. जेसीबीच्या बकेटने पहिल्यांदा हे धोंडे निघतात, मग दगड कलतो आणि पडताना बरेचदा कोरीव भाग आणि बुंधा यांच्या सांध्यात मोडतो. आसपास माती पांढरी असेल, खापरं आणि विटांचे तुकडे असतील, तर तिथे जुनं गावठाण होतं असं समजायचं. खापरं कोणत्या थरात होती आणि दगड कोणत्या थरातून रोवला होता, यावरून दगडाच्या काळाचा अंदाज लागू शकतो. दोन बकेटांत हे थर एकमेकांत मिसळले की ती माहिती गेली. नंतर कितीही फोटो काढले तरी ती परत मिळत नाही.

आता ॲसिडबद्दल. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ बसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे. त्यात जागोजागी बारीक पोकळ्या असतात आणि त्यांतल्या काही चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या असतात. ॲसिड पडलं की तो खडा फसफसून विरघळतो आणि तिथे खळगा राहतो. पत्रातल्या दुसऱ्या फोटोत वीराच्या छातीवर आणि ढालीवर जे ताजे पांढुरके ठिपके दिसतात ते मला असेच वाटतात. दागिना, केसांची गाठ, तलवारीची मूठ ही सगळी नक्षी दोन-चार मिलिमीटर खोल असते. ॲसिडचा क्षार दगडात मुरतो, पाऊस-उन्हाने वर येतो आणि पृष्ठभागाच्या खपल्या काढतो. माती काढायचीच असेल तर साधं पाणी आणि मऊ कुंचला. तेवढ्याने जी निघत नाही ती राहू द्यावी. शेंदूर खरवडायचा तर मुळीच नाही. त्या शेंदराखाली कुणाचा तरी देव आहे आणि खरवडताना नक्षीही जाते.

चार चौकटी म्हणजे चार लढाया, हे साफ चूक. वीरगळ खालून वर वाचतात आणि त्यात एकाच मरणाची गोष्ट असते. बोरिवलीजवळच्या एकसरला सहा वीरगळ आहेत. बरेच अभ्यासक ते १२६५ च्या सुमारास शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात झालेल्या लढाईशी जोडतात. त्यांतल्या काहींवर शिडाची डोलकाठी आणि वल्ही असलेली गलबतं कोरली आहेत. चौकटी अनेक असल्या तरी खालून वर एकच मोहीम उलगडत जाते आणि वर शिवलोक येतो. तिसऱ्या चौकटीतल्या बायकांचंही त्यातच उत्तर आहे. त्या राण्या नाहीत, वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा आहेत. त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, हे फोटोतही दिसतं.

आणि पत्र लिहिणाऱ्याने खालच्या चौकटीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटलं. त्या दगडावरची मोलाची गोष्ट तीच आहे. फोटो मोठा करून पाहा. आडव्या पडलेल्या माणसाच्या मागे ओळीने जनावरांची तोंडं आहेत, शिंगं मागे वळलेली. त्या गाई आहेत. गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना हा माणूस मेला. एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा इंग्रजी ग्रंथ १९८२ साली धारवाडहून निघाला. या विषयावर बोलायला सुरुवात करण्याआधी तो चाळावा असं माझं मत आहे. असे दगड निव्वळ राजांच्या लढायांचे नसतात; गुरं राखताना, गाव वाचवताना, वाटमाऱ्यांशी झुंजताना मेलेल्या साध्या माणसांचेही असतात, हे त्यातून नीट कळतं. सोन्थायमर धनगरांमध्ये वर्षानुवर्षं फिरले होते, त्यामुळे गुरांच्या चौकटीकडे कसं बघायचं ते त्यांना ठाऊक होतं.

मावळ्याचा मुद्दा थोडक्यात. वीरगळ उभारायची रीत मराठेशाहीतही चालू होती, त्यामुळे तसा दगड सापडणं अशक्य नाही. पण ढाल-तलवार शेकडो वर्षं सगळ्यांच्याच हातात होती, तिच्यावरून काळ ठरत नाही. कपडे बघावे लागतात. मराठेशाहीच्या दगडांवर पागोटं आणि अंगरखा दिसू लागतो. या वीराचं अंग उघडं आहे, कमरेला आखूड वस्त्र आहे आणि केसांची गाठ मानेमागे बांधलेली आहे. ही ठेवण यादवकाळाच्या आगेमागची. लेख नसेल तर याहून नेमकं सांगता येत नाही, शे-दीडशे वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. लेख आहे की नाही हे फोटोंवरून ठरत नाही, कारण पाचही फोटो एकाच बाजूचे आहेत.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांना माझी विनंती: दगड आहे तिथून हलवू नका. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळायच्या तासभर आधी चारही बाजूंचे आणि माथ्याचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उभी धरा. एखादी बाजू सावलीत असेल तर आरशाने त्यावर तिरपं ऊन पाडा, अक्षरं असतील तर त्याने उठून दिसतील. एक फोटो लांबून, ज्यात शेत, बांध, ओढा आणि जवळचं देऊळ येईल. गट क्रमांक फक्त मंडळाला आणि राज्य पुरातत्त्व खात्याला कळवा, तो मोबाईलवरच्या ग्रुपांवर टाकू नका. आणि ज्या ज्या ठिकाणी पहिलं पत्र पाठवलं, तिथे आजच्या आज पाचवा फोटो टाकून लिहा की ती पिंड आहे, हंडा नाही.