सगळे नग शेवटी मोजून भागत नाही

«स्क्रॅप आणि रिवर्क वेगळे नोंदवण्यात वेळ घालवू नका. स्टँडर्ड कॉस्टमध्ये 5 टक्के नुकसान धरलेलेच असते, भंगाराचे पैसे परत येतात, रिवर्क केलेला नग पूर्ण किमतीला विकला जातो. शिफ्टच्या शेवटी फक्त चांगल्या नगांचा आकडा टाका.»

हा संदेश माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली विचारले, «मामा, हे बरोबर आहे ना?» तो नुकताच शिफ्ट सुपरवायझर झाला आहे आणि उद्यापासून जॉब कार्डवर तेवढेच लिहायला निघाला होता. मी कॉस्टिंगचे काम अनेक वर्षे करत आलो आहे, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो. स्क्रॅप म्हणजे बाद होऊन भंगारात जाणारे नग, रिवर्क म्हणजे चुकलेला नग पुन्हा मशीनवर घेऊन दुरुस्त करणे, आणि स्टँडर्ड कॉस्ट म्हणजे नगाचा आधीच ठरवलेला खर्च.

पहिला मुद्दा 5 टक्क्यांचा. एका नगाचा कच्चा माल 100, टर्निंग 40, ड्रिलिंग 60 आणि ग्राइंडिंग 100 असा खर्च धरू, म्हणजे नुकसान नसेल तर नग 300 ला पडतो. 1000 नगांचा लॉट सुरू केला आणि 950 चांगले निघाले. बाद झालेले 50 नग टर्निंगनंतर लगेच बाजूला काढले असतील, तर त्यांच्यावर प्रत्येकी 140 च खर्च झालेले असतात, आणि चांगला नग सुमारे 307 ला पडतो. तेच 50 नग ग्राइंडिंगनंतरच्या तपासणीत सापडले, तर चांगला नग सुमारे 316 ला पडतो. दोन्ही वेळा कार्डावर 950 च लिहिले जाईल, दोन्ही वेळा यील्ड 95 टक्केच दिसेल आणि आठ-नऊचा फरक कुठेही दिसणार नाही. नुकसान किती टक्के झाले याइतकेच ते कोणत्या ऑपरेशनला झाले हेही महत्त्वाचे असते, आणि ते शेवटच्या आकड्यात कधीच उतरत नाही.

आकडा सिस्टिममध्ये गेल्यावर आणखी घोटाळा होतो. बहुतेक ठिकाणी माल बॅकफ्लशने वजा होतो, म्हणजे चांगल्या नगांची नोंद झाली की बीओएमप्रमाणे, म्हणजे एका नगाला किती माल लागतो त्या यादीप्रमाणे, तेवढ्यांचा माल, त्यात धरलेल्या नुकसानीसह, स्टोअरमधून आपोआप कमी होतो. प्रत्यक्षात 8 टक्के वाया गेले आणि बीओएममध्ये 5 च असतील, तर उरलेल्या नगांचा माल कागदावर रॅकमध्ये पडून राहतो, आणि प्रत्यक्षात तो भंगाराच्या लाल पेटीत असतो. स्टॉक मोजण्याच्या दिवशी तूट निघते आणि मग स्टोअरकीपरला जाब विचारला जातो, जेव्हा दोष त्याचा नसतो. एकाच मालात पुन्हा पुन्हा तूट येत असेल, तर चोरीचा संशय घेण्याआधी न नोंदवलेले स्क्रॅप शोधावे.

सर्वांत घातक विधान रिवर्कचे आहे. नग विकला गेला हे खरे, पण त्याच्यावर मशीन दोनदा फिरले. वरच्या लॉटमध्ये 100 नगांवर ग्राइंडिंग पुन्हा करावे लागले आणि प्रत्येकी 6 मिनिटे लागली, तर 600 मिनिटे गेली. ग्राइंडिंगला एरवी नगाला 10 मिनिटे लागत असतील आणि तेच मशीन संपूर्ण लाइनला अडवत असेल, तर 60 नवे नग बनायचे राहिले. ही मिनिटे मूळ जॉबवर टाकली की ऑपरेटर मंद आहे असा व्हेरियन्स, म्हणजे ठरलेल्या खर्चापासूनचा फरक, दिसतो. कुठेच टाकली नाहीत तर ती ओव्हरहेडमध्ये मिसळतात आणि सगळ्या उत्पादनांवर वाटली जातात. मग त्रास देणारा नग स्वस्त दिसतो, निर्दोष नग महाग दिसतो आणि त्या आकड्यांवर विक्रीचे दर ठरतात. माझ्या नजरेसमोर एका कारखान्यात असाच एक चांगला चालणारा नग महागडा म्हणून बंद करण्याची तयारी झाली होती. रिवर्कची मिनिटे वेगळ्या ऑर्डरवर घेतल्यावर खर्च दुसऱ्याच नगाचा असल्याचे कळले.

भंगाराच्या पैशाचे फार बोलण्यासारखे नाही. वजनावर विकलेल्या धातूतून मालाच्या किमतीचा थोडा भाग येतो, त्यावर गेलेल्या मशीनच्या तासांचे काहीच येत नाही.

एवढे मात्र मान्य करायला हवे की नेहमीचे, अटळ नुकसान चांगल्या नगांच्या किमतीत धरणे योग्यच आहे, आणि स्वस्त नगाचे पहिल्याच ऑपरेशनचे स्क्रॅप एकेक करून मोजण्याऐवजी पेटी तोलली तरी चालते. पण नेहमीचे कोणते आणि नेहमीबाहेरचे कोणते, हे ठरवण्यासाठीच नोंद लागते. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 2 चा परिच्छेद 16 स्पष्ट सांगतो की वाया गेलेला माल, मजुरी वा इतर उत्पादन खर्च असाधारण असेल, तर तो साठ्याच्या किमतीत धरायचा नाही, त्याच काळाचा खर्च म्हणून दाखवायचा. फक्त 950 लिहिलेल्या कार्डावरून हे वेगळे कसे काढणार?

भाच्याला मी कार्डावर चार रकाने ठेवायला सांगितले आहे: बाद नग, कोणत्या ऑपरेशननंतर बाद, कारण आणि रिवर्कची मिनिटे. नोंद त्या ऑपरेशनलाच करायची, शिफ्ट संपताना आठवून नाही.