स्लॉटेड अलोहात दुप्पट होते ते नेमके काय?

अलोहा म्हणजे एकच रेडिओ चॅनेल अनेक टर्मिनलांनी वाटून घेऊन पॅकेटे पाठवण्याची पद्धत; दोन पॅकेटे एकाच वेळी आली, तर टक्कर होऊन दोन्ही बिघडतात. तिच्या स्लॉटेड प्रकाराबद्दलचा हा दावा पाहा:

«स्लॉटेड अलोहामध्ये अर्धवट टकरी होत नाहीत, म्हणून टकरी निम्म्यावर येतात आणि थ्रूपुट कधीही प्युअर अलोहाच्या दुप्पट मिळतो. तरीही ६३ टक्के वेळ टकरींतच जातो.»

अर्धवट टकरी होत नाहीत एवढे खरे. पण त्यावरून काढलेले तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. नॉर्मन अब्राम्सन यांच्या पुढाकाराने हवाई विद्यापीठात उभारलेले आणि १९७१ मध्ये सुरू झालेले अलोहाचे मूळ जाळेच उदाहरणादाखल घेऊ. तेथे वेग सेकंदाला ९६०० बिट होता आणि पूर्ण भरलेले पॅकेट ७०४ बिटांचे असे. म्हणजे एका पॅकेटला सुमारे ७३ मिलिसेकंद लागत.

प्युअर अलोहात पॅकेट तयार होताच टर्मिनल ते पाठवते. माझे पॅकेट २० व्या मिलिसेकंदाला निघाले आणि दुसऱ्याचे ८० व्या मिलिसेकंदाला, तर माझ्या पॅकेटचे शेवटचे १३ मिलिसेकंद बिघडतात आणि दोन्ही पॅकेटे वाया जातात. माझ्या आधीच्या ७३ आणि नंतरच्या ७३ मिलिसेकंदांत कोणीही पाठवायला सुरुवात केली, तरी हेच घडते; धोक्याचा काळ १४६ मिलिसेकंदांचा ठरतो. लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये सुचवलेल्या स्लॉटेड पद्धतीत वेळ एकेका पॅकेटएवढ्या स्लॉटांत विभागलेला असतो, येथे सीमा ०, ७३, १४६ अशा मिलिसेकंदांवर, आणि पॅकेट पुढच्या स्लॉटच्या सीमेपर्यंत थांबवले जाते. वरची दोन पॅकेटे तेव्हा वेगवेगळ्या स्लॉटांत तयार झालेली असल्याने एकामागून एक सुरळीत जातात. पण दुसरे पॅकेट ६० व्या मिलिसेकंदाला तयार झाले असते, तर दोन्ही एकाच सीमेवर सुटून पूर्णपणे एकमेकांवर आदळली असती. अर्धवट टकरींपैकी काही टळतात, तर उरलेल्या पूर्ण टकरी बनतात. निम्मा होतो तो धोक्याचा काळ, टकरींची संख्या नव्हे.

हा फरक शब्दांचा वाटेल, पण सूत्रात तो स्पष्ट दिसतो. पुनःप्रेषणे धरून, एका पॅकेटच्या वेळात सरासरी G पॅकेटे पॉयसाँ वितरणाने पाठवली जात असतील, तर धोक्याच्या काळात दुसरे कोणीच नसण्याची शक्यता प्युअरमध्ये e^(−2G) आणि स्लॉटेडमध्ये e^(−G) असते. म्हणून थ्रूपुट S, म्हणजे एका पॅकेटच्या वेळात सरासरी किती पॅकेटे सुखरूप पोहोचतात ते, असा येतो:

```
प्युअर:   S = G·e^(−2G)
स्लॉटेड:  S = G·e^(−G)
```

एकाच भारावर या दोहोंचे गुणोत्तर e^G आहे. ते २ या आकड्यावर स्थिर राहत नाही. G = 0.05 असताना स्लॉटेडचा थ्रूपुट जेमतेम ५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि त्यासाठी प्रत्येक पॅकेटला सरासरी अर्धा स्लॉट, म्हणजे सुमारे ३७ मिलिसेकंद, ताटकळावे लागते. रिकाम्या चॅनेलवर प्युअर अलोहाच बरा, असे माझे मत आहे. G = 1 असताना मात्र फरक २.७ पट होतो.

दुप्पट होते ते फक्त सर्वोच्च मूल्य. प्युअरचे शिखर G = 0.5 वर 1/(2e), म्हणजे १८.४ टक्के, आणि स्लॉटेडचे G = 1 वर 1/e, म्हणजे ३६.८ टक्के आहे. दोन्ही शिखरांवर पाठवलेले पॅकेट यशस्वी होण्याची शक्यता एकच आहे: 1/e. हवाईच्या वेगाने प्युअर शिखरावर सेकंदाला ६.८ पॅकेटे निघतात आणि २.५ पोहोचतात, स्लॉटेडमध्ये १३.६ निघतात आणि ५ पोहोचतात. बिघडणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण तसूभरही घटलेले नाही. धोक्याचा काळ निम्मा झाल्यामुळे तेवढ्याच जोखमीत चॅनेलवर दुप्पट भार टाकता येतो, आणि दुपटीचे कारण एवढेच आहे.

त्या ६३ टक्क्यांचा घोळही येथेच सुटतो. ६३ टक्के हे बिघडणाऱ्या पॅकेटांचे प्रमाण आहे, वेळेचे नव्हे. G = 1 असताना ३७ टक्के स्लॉट रिकामे जातात, ३७ टक्क्यांत एकच पॅकेट असते आणि टकरी होतात त्या फक्त २६ टक्के स्लॉटांत. एका टक्करीत दोन किंवा अधिक पॅकेटे बिघडत असल्यामुळे पॅकेटांचा हिशेब वेगळा येतो.

ही दुप्पटही फुकट मिळत नाही. सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत आणि पॅकेटे एकाच लांबीची हवीत. स्लॉट अर्धाच भरला, तर उरलेला वेळ वाया जातो. शिवाय ३०० किलोमीटर दूरच्या बेटावर वेळेचा इशारा पोहोचायला १ मिलिसेकंद आणि तेथून पॅकेट यायला आणखी १ लागतो. ही तफावत टर्मिनलने भरून काढली नाही, तर दोन स्लॉटांमध्ये २ मिलिसेकंदांचा मोकळा पट्टा ठेवावा लागतो. ७३ मिलिसेकंदांच्या पॅकेटला तो जाणवत नाही, कमाल वापर ३५.८ टक्के उरतो. मात्र वेगवान चॅनेलवर पॅकेट २ मिलिसेकंदांचेच असेल, तर त्याच पट्ट्यामुळे स्लॉट दुप्पट लांब होतो आणि कमाल वापर पुन्हा १८.४ टक्क्यांवर येतो.