लसीच्या आदल्या रात्री फिरणारा एक मेसेज

“बाळाला सर्दी असेल तर लस देऊ नका. तारीख चुकली तर कोर्स पहिल्यापासून करावा लागतो. ताप येऊ नये म्हणून घरूनच पॅरासिटामॉल पाजून न्या. तरीही ताप आला तर लस बाधली समजा आणि पुढचा डोस बंद करा.”

या मेसेजमधलं एकही वाक्य मानू नका. नाक वाहतंय, थोडं खोकतंय, पण अंगावर नीट पितंय आणि हसतंय, अशा बाळाला घेऊन या. अंग चांगलंच तापलंय, बाळ मलूल आहे, तर थांबावं लागेल. पण ते सिस्टरने बाळाला पाहून ठरवायचं.

तारखेची गोष्ट अशी. सहाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीचा पहिला डोस झाला, मग आई माहेरी गेली आणि परतली तेव्हा बाळ सतरा आठवड्यांचं. त्याच दिवशी दुसरा डोस द्यायचा आणि निदान चार आठवड्यांनी तिसरा. पहिला वाया जात नाही. खरं तर कार्ड बरोबर नेलं असतं, तर दुसरा माहेरच्या गावीच मिळाला असता. कार्ड सापडत नसेल तरी या. नोंद रजिस्टरमध्ये किंवा मोबाईल नंबरवरून यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर शोधता येते. बाळाला मांडी पटकन उघडी करता येईल असे कपडे घाला. मागच्या डोसनंतर काही झालं असेल, तर सुई टोचण्याआधी सांगा.

पॅरासिटामॉल आधी पाजू नका. ताप आला आणि बाळ किरकिरलं, तर द्या. मात्र घरातली बाटलीही बरोबर आणा, कारण मोठी चूक तिथेच होते. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं, तर लहान मुलांच्या नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलीत 125. पाच किलोच्या बाळाला एका वेळी 50 ते 75 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे थेंबांच्या औषधातलं अर्धा ते पाऊण मिली. सिरपच्या हिशेबाने कुणी तेच औषध अडीच मिली पाजलं, तर पोटात 250 मिलिग्रॅम जातं! बाटलीवरचा आकडा सिस्टरला दाखवा, डोस कार्डावर लिहून घ्या. दोन डोसांत सहा तासांचं अंतर हवं.

पेंटाव्हॅलंटचा ताप बहुधा त्याच रात्री येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. त्यासाठी पुढचा डोस थांबवत नाहीत. गोवर-रुबेलाचा मात्र आठवड्याभराने येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. तोवर आई लस विसरलेली असते. मांडीवर गाठ आली तर चोळू नका, हळद-तेल लावू नका. थंड पाण्याची स्वच्छ घडी पुरते.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. चेहरा सुजणं, धाप लागणं हे बहुतेकदा तेवढ्यातच दिसतं. घरी गेल्यावर झटके आले, बाळ तीन तास थांबतच नाही असं रडलं, दूध सोडलं, हाक मारली तरी जागं होईना किंवा शीतून रक्त गेलं, तर तडक दवाखान्यात न्या. पुढच्या डोसचं डॉक्टर त्यानंतर ठरवतील.